सोलर पॉवर बँकेवरचं पॅनल खरंच किती वीज देतं?

प्रश्न: २०,००० एमएएचची सोलर पॉवर बँक घेतली आहे. पूर्ण संपवून सलग चार दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत कडक उन्हात ठेवली. सोलरचा हिरवा दिवा दिवसभर चालू असतो, पण चार ठिपक्यांपैकी जेमतेम एकच ठिपका लागतो. पॅनल खराब आहे का? बदलून मागू का? पुढच्या महिन्यात आठ दिवस वीज नसलेल्या भागात पायी फिरायचंय, तिथे हिच्यावर दोन फोन चालतील का?

उत्तर:

तुमचं पॅनल व्यवस्थित आहे. चार दिवसांत एक ठिपका, म्हणजे सुमारे पंचवीस टक्क्यांच्या आसपास, हे त्या आकाराच्या पॅनलचं चांगलं काम आहे. बदलून आणलेली दुसरी बँकही एवढंच देईल. दोन फोन मात्र तिच्या उन्हावर चालणार नाहीत, अर्धाही चालणार नाही. सोलर उपकरणांची दुरुस्ती करताना मला हा प्रश्न सतत विचारला जातो, म्हणून एकदा सगळा हिशेब नीट मांडतो.

सुरुवात उन्हापासूनच करावी लागते. आकाश स्वच्छ असताना, भर दुपारी, सूर्याकडे सरळ तोंड केलेल्या एक चौरस मीटर जागेवर साधारण १,००० वॅट ऊर्जा पडते. पॅनलवर छापलेले सगळे आकडे याच उन्हात मोजलेले असतात. एक चौरस मीटर म्हणजे दहा हजार चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला येतो वॅटचा दहावा भाग. आता तुमच्या बँकेवरचा काळा निळसर भाग पट्टीने मोजा. चौकट सोडून फक्त सेलचा भाग मोजायचा. फोनएवढ्या बँकेवर तो बहुधा १२ बाय साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे ७८ चौरस सेंटिमीटर. त्यावर पडणारं सगळं ऊन मिळून ७.८ वॅट. पॅनल कितीही उत्तम असलं, तरी त्याच्याकडे येतंच एवढं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

यातला किती भाग वीज होतो? सिलिकॉनच्या चांगल्या सेलमध्ये वीस-बावीस टक्के. पण बँकेवरचं पॅनल मोठ्या सेलचे तुकडे कापून, मध्ये फटी ठेवून, वर पारदर्शक राळेचा थर ओतून बनवलेलं असतं. फटींची जागा वाया जाते आणि राळही थोडा उजेड खाते. हाती उरतात पंधरा टक्के, म्हणजे सव्वा वॅटच्याही किंचित खाली. उद्या तंत्रज्ञान सुधारलं की हे बदलेल असं काही जण म्हणतात, पण त्यालाही मर्यादा आहे. एका थराच्या सौर सेलमधून जास्तीत जास्त किती वीज निघू शकते याचं गणित शॉकली आणि क्वाइसर या शास्त्रज्ञांनी १९६१ सालीच मांडलं होतं, आणि ते तेहतीस टक्क्यांच्या आसपास येतं. ती कमाल मर्यादा गाठलेलं पॅनल उद्या कोणी तुमच्या बँकेवर चिकटवलं तरी ७८ चौरस सेंटिमीटरमधून अडीच वॅटच निघतील. फोनचा अगदी जुना, साधा चार्जरसुद्धा पाच वॅटचा असतो. अडचण पॅनलच्या दर्जाची नाही, जागेची आहे.

आता प्रत्यक्ष मोजलेलं सांगतो. माझ्याकडे अशीच एक २०,००० एमएएचची बँक पोट फुगलेल्या अवस्थेत आली होती. फुगलेली बॅटरी बाजूला काढून तिच्या जागी चाचणीसाठी दुसरी चांगली बसवली आणि पॅनलच्या लाल तारेत मल्टिमीटर अडकवला. (हे घरी करू नका. लिथियमच्या पिशवीला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लागलं तर ती जागेवर पेट घेते.) पॅनलमध्ये अकरा पट्ट्या एकामागोमाग एक जोडलेल्या होत्या. सिलिकॉनची प्रत्येक पट्टी काम करताना अर्धा व्होल्ट देते, म्हणून अकरांचे साडेपाच व्होल्ट होतात. पॅनल हातात धरून सूर्याकडे अगदी सरळ फिरवलं तेव्हा प्रवाह २३० मिलिअँपिअरपर्यंत गेला. त्या बँकेकडून मिळालेला तो सर्वांत मोठा आकडा. खोक्यावर ३०० लिहिलं होतं.

मग ती गच्चीवर सपाट ठेवली, कारण वापरणारा माणूस तशीच ठेवतो, दर अर्ध्या तासाने तिचं तोंड फिरवत बसत नाही. सकाळी आठला ६० मिलिअँपिअर, दहाला १४०, साडेबाराला २०५, तीनला १२०, पाचला ४०. मध्ये मध्ये पातळ ढग आले तेव्हा आकडा साठच्या खाली घसरला. दर अर्ध्या तासाची नोंद घेऊन दिवसाची बेरीज केली तर बॅटरीत गेलेले एकूण ९५० एमएएच निघाले. चार दिवसांचे ३,८००. वीस हजारांपैकी हे एकोणीस टक्के होतात, आणि तुमचा एकच ठिपका का लागतो त्याचं उत्तर तिथेच आहे. याच गतीने ती बँक पूर्ण भरायला एकवीस दिवस लागतील, तेही एकवीसही दिवस आकाश स्वच्छ असलं आणि मधल्या काळात तुम्ही एकदाही फोन लावला नाही तर.

एमएएचच्या आकड्यात एक गफलत होते ती इथेच दूर करतो. पॅनल साडेपाच व्होल्टचं असलं तरी बॅटरी ३.७ व्होल्टची असते. स्वस्त बँकेत या दोहोंच्या मध्ये जो चार्जिंगचा आयसी असतो तो वरचा व्होल्टेज वापरत नाही, उष्णतेच्या रूपात टाकून देतो. जेवढे मिलिअँपिअर आत आले तेवढेच बॅटरीत जातात, पण प्रत्येकाची किंमत ३.७ व्होल्टचीच धरायची. म्हणून ९५० एमएएच म्हणजे साडेतीन वॅट-तास. खरा हिशेब वॅट-तासातच करावा, कारण त्यात फसायला जागा राहत नाही. तुमची बँक पूर्ण भरलेली असेल तेव्हा तिच्यात ७४ वॅट-तास असतात, आजकालच्या ५,००० एमएएचच्या फोनच्या बॅटरीत साधारण १९.

हे साडेतीन वॅट-तास फोनपर्यंत पोचताना आणखी झिजतात. बँकेला ३.७ व्होल्टचे पुन्हा पाच व्होल्ट करावे लागतात, त्यात दहा-बारा टक्के जातात. फोन ते घेऊन आपल्या बॅटरीत भरतो, तिथे पुन्हा दहा-पंधरा टक्के. शेवटी फोनमध्ये उतरतात २.६ वॅट-तास, म्हणजे त्याच्या बॅटरीचे चौदा टक्के. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, सावलीचा कवडसाही न पडू देता ठेवल्याची ही कमाई. तीच बँक तुम्ही घरी साध्या दहा वॅटच्या चार्जरला लावली तर तेवढीच ऊर्जा पंचवीस-तीस मिनिटांत भरते. थेंबे थेंबे तळे साचतं हे खरं, पण इथे तळं ७४ वॅट-तासांचं आणि रोजचे थेंब साडेतीनचे.

आता तुमच्या पायी प्रवासाकडे येऊ. चालताना ही बँक बहुतेक जण पाठीवरच्या सॅकला अडकवतात. तशी ती उभी लटकते, म्हणजे डोक्यावरचं दुपारचं ऊन तिला तिरकं लागतं. वाट वळली की तोंड सूर्याच्या उलट दिशेला, झाडाखालून गेलात की सावली. शिवाय एक गोष्ट अशी आहे जी उघड्या डोळ्यांना दिसत नाही. त्या अकरा पट्ट्या एका साखळीत आहेत, त्यामुळे साखळीतून तेवढाच प्रवाह वाहतो जेवढा सर्वांत अंधारातल्या पट्टीतून वाहू शकतो. चाचणीच्या वेळी भर दुपारी मी एकच बोट एका पट्टीवर आडवं ठेवलं. पॅनलचा नव्वद टक्के भाग लख्ख उन्हात होता, तरी २०५ चे १८ झाले. छपरावरच्या मोठ्या पॅनलमध्ये अशा वेळी वाट काढून देणारे बायपास डायोड असतात, या छोट्यांत ते नसतात. सॅकचा एक बंद, दोरीचा एक पीळ, कोपऱ्यावर पडलेली टोपीची सावली एवढ्यानेही दिवसाची कमाई जाते. सॅकवर दिवसभर लटकवलेल्या बँकेत २५० ते ३०० एमएएच गेले तरी मी ते बरं मानेन. फोनच्या भाषेत चार टक्के. आठ दिवसांत मिळून एका फोनचा तिसरा हिस्सा. दोन फोनांपुढे ही दर्यामें खसखस.

पण मग हिरवा दिवा दिवसभर कसा लागतो, हे तुमच्या मनात आलंच असेल. लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज या दिव्यानेच होतो. सौर सेलचा व्होल्टेज थोड्याशा उजेडातही जवळजवळ पूर्ण येतो, प्रवाह मात्र उजेडाच्या प्रमाणात येतो. तो बारीक दिवा पेटायला एखादा मिलिअँपिअर पुरतो. म्हणजे दिवा एवढंच सांगतो की पॅनलवर उजेड आहे, चार्जिंग किती चाललंय त्याबद्दल तो काहीच सांगत नाही. करून बघा: रात्री टेबलावरच्या दिव्याखाली बँक धरा, हिरवा दिवा लागेल. भर दुपारच्या उन्हाच्या मानाने खोलीतला उजेड दोनशेव्या भागाइतकाच असतो, तेव्हा तिथे मिळणारा प्रवाह साधारण एक मिलिअँपिअर. त्या प्रवाहावर तुमची बँक भरायला दोन वर्षांहून जास्त काळ लागेल, आणि तोपर्यंत बॅटरी आपली आपणच त्यातली बरीचशी वीज गमावत राहील. खिडकीच्या काचेमागे ठेवणाऱ्यांनाही हेच सांगेन. काच स्वतः थोडासाच उजेड अडवते, पण खिडकीत ऊन येतं दोन-तीन तास, आणि तेही तिरकं. गाडीच्या गडद काचेमागे तर ठेवूच नका, त्याचं कारण पुढे येतं.

ते कारण उष्णता. मला या वस्तूंबद्दल खरी काळजी वाटते ती इथे. कमी वीज मिळणं हा तोटा आहे, पण तापलेली लिथियम बॅटरी हा धोका आहे. पॅनलला कडक ऊन हवं असतं आणि त्याच्याच खाली, दोन मिलिमीटरवर असलेल्या बॅटरीला गारवा हवा असतो. एकाच डबीत दोघांचं जमणं अवघड. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नये असं ती बनवणारेच सांगतात. त्या चाचणीत दुपारी एक वाजता पॅनलचा पृष्ठभाग ६२ अंशांवर होता आणि आतली बॅटरी ५१ वर. म्हणजे जेव्हा सर्वांत जास्त वीज येत होती, नेमकं तेव्हाच ती बॅटरीत भरणं चुकीचं होतं. चांगल्या बँकेत तापमान पाहणारा थर्मिस्टर असतो आणि तो चार्जिंग थांबवतो, मग उन्हातले तेवढे तासही फुकट जातात. स्वस्त बँकेत तो नसतोच, त्यामुळे चार्जिंग चालू राहतं आणि बॅटरी आतून म्हातारी होत जाते. दुरुस्तीला आलेली ती बँक फुगली होती ती याचमुळे, असं माझं मत आहे. मालकाने उन्हाळाभर तिला रोज गच्चीवर ठेवलं होतं. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तापमान याच्याही पुढे जातं.

पॅनललाही उष्णता मानवत नाही. तापल्यावर प्रत्येक पट्टीचा व्होल्टेज दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरतो. अकरा पट्ट्या आणि पस्तीस-चाळीस अंशांची वाढ धरली तर पाऊण व्होल्टच्या आसपास गेला. साडेपाचाचे पावणेपाच होतात, त्यातून उलटा प्रवाह अडवणाऱ्या डायोडमध्ये आणखी थोडा जातो. बॅटरी रिकामी असेपर्यंत हे चालून जातं. ती भरत येऊन ४.१ व्होल्टच्या पुढे गेली की ढकलायला जोरच उरत नाही आणि प्रवाह आटत जातो. शेवटचा चौथा ठिपका उन्हावर लागलेला मी तरी फार क्वचित पाहिलाय.

तुमच्या बँकेच्या बाबतीत एवढं करा. निघण्याआधी ती भिंतीवरच्या चार्जरने पूर्ण भरून घ्या आणि वाटेत सावलीत, सॅकच्या आत, कपड्यांमध्ये ठेवा. तिच्यातले ७४ वॅट-तास खरे असतील तर फोनपर्यंत साधारण ५५ पोचतात, म्हणजे एक फोन जवळजवळ तीन वेळा भरतो. दोन फोन, आठ दिवस. फोन विमान मोडवर ठेवून फक्त नकाशा आणि फोटोंसाठी वापरलेत तर एका फोनला दिवसाला पंधरा-वीस टक्के लागतात. दोघांचे आठ दिवसांचे मिळून अडीच ते सव्वातीन फोन होतात, आणि घरून निघताना दोन्ही फोन भरलेले असतातच. म्हणजे उन्हाचा एक थेंबही न धरता तुमचं काम निभतं. नेहमीसारखे वापरणार असाल तर दुसरी बँक घ्या, साधी, बिनपॅनलची. तेवढ्याच वजनात ती जास्त वीज नेते, कारण पॅनलची आणि त्यावरच्या राळेची जागा तिच्यात बॅटरीला मिळते.

उन्हावरच अवलंबून राहायचं असेल, समजा दोन-तीन आठवडे विजेपासून दूर, तर पॅनल वेगळं आणि बँक वेगळी, हाच मार्ग आहे. घडीचं पॅनल घ्या, ते उन्हात पसरा, यूएसबीची वायर ओढून बँक दगडाच्या किंवा तंबूच्या सावलीत ठेवा. बॅटरी गार राहते, पॅनल हवं तसं सूर्याकडे तिरकं करता येतं. त्याचा आकारही असाच जोखायचा. ए-फोर कागदाएवढ्या सेलवर, म्हणजे सव्वासहाशे चौरस सेंटिमीटरवर, उत्तम उन्हात नऊ-दहा वॅट मिळतात. दोन कागदांएवढं पॅनल, चांगल्या दर्जाचं, दिवसभर नीट मांडलं तर फोनचे दोन-तीन चार्ज आरामात देतं. त्यावर २५ किंवा २८ वॅट छापलेलं असेल तर पंधराच्या आसपास धरून चाला. तुमच्या बँकेवरचं पॅनल त्या एका कागदाचा आठवा हिस्सा आहे.

तीन-चार पाकळ्या उलगडणाऱ्या बँकाही मिळतात. जागा चौपट म्हणून वीजही चौपट, दिवसाला बारा-चौदा वॅट-तासांपर्यंत, पण सगळ्या पाकळ्या एका पातळीत, एकाच दिशेला ताणून ठेवल्या तरच. बिजागरीवर कापडी वायर असते आणि ती वर्षभरात तुटते, हा दोष माझ्याकडे बऱ्याचदा येतो. बॅटरी मात्र याही रचनेत पॅनलच्या पाठीला चिकटलेलीच असते.

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. दिवसाचे साडेतीन वॅट-तास स्मार्टफोनसाठी नगण्य आहेत, बटणांच्या साध्या फोनसाठी नाहीत. त्याची बॅटरी १,००० एमएएचच्या आसपास असते, म्हणजे एका स्वच्छ दिवसाच्या उन्हात ती सत्तर टक्के भरते आणि तो फोन त्यावर दोन-तीन दिवस चालतो. अर्ध्या वॅटचा एलईडी दिवाही रात्री पाच-सहा तास जळतो. वादळानंतर आठवडाभर वीज गेलेल्या ठिकाणी तुमच्या हातात हीच एक वस्तू असेल तर तिला रोज सकाळच्या कोवळ्या उन्हात सूर्याकडे तिरकं करून टेकवा, दुपारी अकरा ते तीन सावलीत घ्या, पुन्हा उन्हात ठेवा. थोडी वीज कमी मिळेल, पण बॅटरी टिकेल.

आणि तुमच्या हातातली बँक आता चार दिवस सलग तापली आहे, तेव्हा निघण्यापूर्वी ती सपाट टेबलावर ठेवून चारही कोपरे टेकतात का ते पाहा. मध्ये टेकून डुलत असेल, किंवा पॅनलच्या कडेची फट पूर्वीपेक्षा रुंद दिसत असेल, तर तिला चार्जरला लावू नका आणि सोबतही नेऊ नका.